पावसाळ्यात गंजलेला तवा पुन्हा वापरात कसा आणायचा?

लोणावळा-मावळात पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते, की बिडाचा तवा रात्री धुऊन तसाच पालथा घातला तर सकाळी त्यावर तांबूस गंज दिसतो. असा तवा टाकून देऊ नका.

व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन तवा त्यात अर्धा तास बुडवा. आम्लात गंज विरघळतो. पण जास्त वेळ ठेवलं तर खालचं लोखंडही झिजतं. नंतर करडं लोखंड दिसेपर्यंत तारेच्या घासणीने घासा. धुतल्यावर लगेच पुसून मंद गॅसवर कोरडा करा, कारण उघडं लोखंड पटकन पुन्हा गंजतं.

तवा कोमट असताना तेलाचे चार थेंब सगळीकडे चोळा आणि कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून टाका. मग खिडकी उघडी ठेवून, धूर येऊन थांबेपर्यंत तापवा. उष्णतेने तेलाचे रेणू एकमेकांत गुंफतात आणि कडक थर तयार होतो. असं तीन-चारदा करा.

हाताला चिकट लागलं, तर तेल जास्त झालं; पुन्हा तापवा. काळा, कोरडा थर दिसला की भाकरी टाका. चिंच-टोमॅटोचं मात्र इतक्यात नको. आम्लाने नवा थर निघतो.