चार दिवसांत तेच सहा आकडे

६ सप्टेंबर २००९ रोजी बल्गेरियाच्या सरकारी लॉटरीत ४, १५, २३, २४, ३५ आणि ४२ हे आकडे निघाले. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, पुढची सोडत झाली आणि पुन्हा हेच सहा आकडे बाहेर पडले. फरक होता तो फक्त क्रमाचा. देशभर गदारोळ उठला आणि क्रीडामंत्र्यांनी चौकशीचा आदेश दिला. चौकशीत लबाडीचा पुरावा सापडला नाही. पण ‘असं कसं होऊ शकतं?’ हा प्रश्न लोकांच्या मनातून गेला नाही.

ही लॉटरी आपल्याकडच्या छापील क्रमांकाच्या तिकिटासारखी नसते. इथे खेळणाराच १ ते ४२ मधले सहा आकडे निवडतो. सोडतीच्या दिवशी यंत्रात ४२ चेंडू घुसळले जातात आणि त्यांतले सहा एकामागून एक बाहेर येतात. हौजीतल्यासारखाच निघालेला चेंडू परत आत जात नाही. क्रमाला काही महत्त्व नसतं. कुठले सहा निघाले तेवढंच पाहायचं.

असे सहाचे संच किती? पहिल्या चेंडूला ४२ पर्याय, दुसऱ्याला ४१, असं करत सहाव्याला ३७. हे सहा आकडे गुणले की ३७७ कोटींच्या आसपास संख्या येते. पण तेच सहा चेंडू ७२० वेगवेगळ्या क्रमांनी निघू शकतात, आणि आपल्याला क्रम मोजायचाच नाही. म्हणून ७२० ने भागायचं. उत्तर येतं ५२,४५,७८६. शाळेत कॉम्बिनेशन म्हणून शिकवतात ते हेच.

सगळे सहा आकडे पुन्हा येण्याआधी एक साधा प्रश्न सोडवू. मागच्या सोडतीतला निदान एक आकडा या सोडतीत पुन्हा दिसेल, याची शक्यता किती? बहुतेक जण ती फारच कमी धरतात. एवढे ४२ आकडे असताना गेल्या वेळचाच कशाला येईल, असं वाटतं.

याचं उत्तर उलट बाजूने काढणं सोपं जातं. जुना एकही आकडा यायचा नसेल, तर सहाही चेंडू उरलेल्या ३६ मधूनच निघायला हवेत. ३६ मधून सहा निवडण्याचे प्रकार १९,४७,७९२. एकूण साडेबावन्न लाखांशी ताडून पाहिलं तर हे प्रमाण शेकडा ३७ भरतं. म्हणजे शंभरातल्या ६३ वेळा मागचा एक तरी आकडा परत येतोच! ज्याला लोक योगायोग म्हणतात, तो खरं तर नेहमीचा निकाल आहे.

नेमका एकच आकडा परत यायचा असेल, तर जुन्या सहांतून एक निवडायचा, त्याचे सहा प्रकार. आणि नव्या ३६ मधून पाच, त्याचे ३,७६,९९२ प्रकार. दोन्हींचा गुणाकार २२,६१,९५२, म्हणजे शेकडा ४३. एकही जुना आकडा न येण्यापेक्षा एक येणं जास्त संभवतं. दोन, तीन, चार आकड्यांचे हिशेबही याच रीतीने होतात: जुन्यांतून हवे तितके घ्यायचे, बाकीचे नव्यांतून भरायचे आणि गुणायचं.

आठवड्याला दोन, म्हणजे वर्षाला १०४ सोडती धरू आणि प्रत्येक निकाल आधीच्या निकालाशी लावून बघू. साधारण ३९ वेळा काहीच जुळणार नाही, ४५ वेळा एक आकडा जुळेल, १७-१८ वेळा दोन आणि तीनेक वेळा तीन. चार आकडे जुळायला सरासरी पाच वर्षं थांबावं लागेल. पाच जुळायला दोनशेहून अधिक वर्षं. आणि सहाच्या सहा? त्यासाठी सुमारे पन्नास हजार वर्षं.

कुठल्याही लॉटरीच्या जुन्या निकालांची वही घेऊन हा पडताळा करता येतो. चेंडूंची संख्या वेगळी असेल, तर तेवढा हिशेब नव्याने मांडायचा. एखाददुसऱ्या वर्षी आकडे मागेपुढे होणारच, त्यात काही वावगं नाही. मात्र वर्षानुवर्षं तीन-तीन आकडे दर महिन्याला जुळत राहिले, तर यंत्र किंवा चेंडू तपासायला हवेत. कारण हे सगळं गणित एकाच गृहीतावर उभं आहे: प्रत्येक चेंडू निघण्याची शक्यता सारखी आहे.

आता पुन्हा बल्गेरियाकडे वळू. पन्नास हजार वर्षांचा आकडा ऐकून धडकी भरते, पण तो एका लॉटरीचा आहे. जगात अशा दोनशे लॉटऱ्या चालतात असं मानलं, तर त्यांपैकी कुठेतरी लागोपाठ तोच निकाल लागायला अडीचशे वर्षं पुरतील. लागोपाठचाच हट्ट सोडून ‘गेल्या महिन्याभरातल्या कुठल्याही निकालासारखा’ असं म्हटलं, तर काळ आणखी उतरतो, तीसेक वर्षांवर येतो. इस्रायलच्या लॉटरीत २१ सप्टेंबर २०१० चे सहा आकडे १६ ऑक्टोबरला पुन्हा निघाले, ते याच दुसऱ्या प्रकारात बसतं. तरीही बल्गेरियातली घटना ‘होतंच असं’ म्हणून सोडून द्यावी इतकी किरकोळ नव्हती. चौकशी झाली ते योग्यच झालं.

कारण लबाडी होतेच. १९८० साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तीन आकड्यांची रोजची सोडत होती. ४ आणि ६ सोडून बाकीच्या आकड्यांच्या चेंडूंत रंग भरून ते जड केले गेले आणि निकाल लागला ६६६. मजा अशी, की भांडं फुटलं ते निकालामुळे नव्हे. ६६६ हा निकाल कुठल्याही दुसऱ्या निकालाइतकाच संभवनीय असतो. फक्त ४ आणि ६ वापरून तीन आकड्यांचे आठच निकाल होतात, आणि त्या आठांवर आधीच भरमसाट पैसे लागले होते. संशयाची सुई फिरली ती त्या पैशांमुळे.

बल्गेरियातही अशीच एक खटकणारी बाब होती. ६ सप्टेंबरला हे सहा आकडे कोणाच्याच तिकिटावर नव्हते. १० तारखेला मात्र तब्बल १८ जणांच्या तिकिटांवर ते तंतोतंत होते. आतून कोणीतरी फितूर झालं असणार, असं वाटायला एवढं पुरेसं होतं. पण ६ तारखेचा निकाल सगळ्या देशाने पाहिला होता, आणि गेल्या सोडतीचेच आकडे पुढच्या तिकिटावर भरणारे खेळाडू कुठल्याही देशात भेटतात. आपल्या आजोबांची जन्मतारीख लावणारे असतात तसेच हे. दरवेळी ते हरतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाहीत. जिंकण्याची शक्यता त्यांना इतरांइतकीच असते, एकाचे ५२ लाखांहून अधिक. चेंडूंना मागची सोडत आठवत नसते. नुकसान होतं ते वाटणीत, कारण तीच युक्ती आणखी कोणाकोणाला सुचलेली असते. त्या रात्री पहिल्या बक्षिसाचे अठरा वाटे झाले आणि प्रत्येकाच्या हाती जेमतेम दहा हजार लेव्ह पडले.