तज्ज्ञ डॉक्टरांना लिहिलेली चिठ्ठी

फॅमिली डॉक्टर रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवताना सोबत जी चिठ्ठी देतात, तिच्यात तीन गोष्टी असाव्या लागतात: दुखण्याची आतापर्यंतची हकीकत, तपासणीत काय सापडले, आणि तज्ज्ञाकडून नेमके कशाचे उत्तर हवे आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 सालच्या आचारसंहितेतही हे नमूद आहे. रुग्णाला पाठवणाऱ्या डॉक्टरने केसचा गोषवारा द्यावा आणि तज्ज्ञाने आपले मत लेखी कळवावे, असे ती सांगते. प्रत्यक्षात पुष्कळ वेळा लेटरहेडवर दोन ओळी असतात. ‘मधुमेह, ब्लडप्रेशर. कृपया तपासावे व योग्य ते करावे.’ अशा चिठ्ठीतून तज्ज्ञाला रुग्ण कुठून आला एवढेच कळते.

तिसरी गोष्ट, म्हणजे प्रश्न, सर्वांत जास्त वेळा राहून जाते. खरे तर चिठ्ठी तिथूनच सुरू व्हायला हवी, कारण हकीकतीतले काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे प्रश्नावरून ठरते. दहा वर्षांच्या फायलीतले सगळेच खरे असते, पण सगळेच कामाचे नसते. किडनीच्या डॉक्टरांना लहानपणी झालेल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा काही उपयोग नाही. कंबरदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांचा मात्र फार आहे.

एक काल्पनिक केस घेऊन हे पाहता येईल. तालुक्याच्या गावातले एक डॉक्टर 54 वर्षांच्या शेतकऱ्याला सोलापूरच्या किडनीतज्ज्ञाकडे पाठवत आहेत. महाराष्ट्रात अशा चिठ्ठ्या बहुधा इंग्रजीत लिहिल्या जातात. इथे तिचा मजकूर मराठीत दिला आहे.

‘प्रश्न: 1) किडनीचे काम इतक्या वेगाने उतरले आहे ते मधुमेहामुळे की दुसऱ्या कारणाने? बायोप्सी लागेल का? 2) टेल्मिसार्टन चालू ठेवावे का? आठवड्याच्या आत पाहावे ही विनंती.

हकीकत: मधुमेह 9 वर्षे, ब्लडप्रेशर 5 वर्षे. 2021 मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट. महिनाभर पायांवर सूज, लघवीला फेस. कंबरदुखीसाठी तीन महिने रोज दोन डायक्लोफिनॅक, स्वतःहून घेतलेल्या. त्या 10 दिवसांपूर्वी बंद केल्या. ताप, सांधेदुखी, अंगावर चट्टे, खोकल्यातून रक्त, लघवीला अडथळा, मुतखडा यांपैकी काही नाही. जडीबुटी किंवा भस्म घेतलेले नाही.

तपासणी: ब्लडप्रेशर 150/90, दोन्ही पायांवर सूज, छाती साफ. क्रिएटिनिन: दोन वर्षांपूर्वी 1.1, आठ महिन्यांपूर्वी 1.2, दहा दिवसांपूर्वी 2.1, काल 2.2 (सर्व एकाच लॅबमधले). ईजीएफआर 35. पोटॅशियम 5.1. लघवीत अल्ब्युमिन तीन प्लस, लाल पेशी 15 ते 20. गेल्या वर्षी लघवी स्वच्छ होती. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या नेहमीच्या आकाराच्या, अडथळा नाही. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा नाहीत (गेल्या आठवड्यात नेत्रतज्ज्ञांनी पाहिले).

औषधे: टेल्मिसार्टन 40 रोज एक, ॲस्पिरिन 75 रोज एक, ॲटोरव्हास्टॅटिन 20 रात्री. मेटफॉर्मिन 1000 दोनदा होते, ते काल 500 दोनदा केले. कोणत्याही औषधाची ॲलर्जी नाही.

रुग्णाला सांगितले आहे: किडनीला सूज असू शकते, कारण शोधायचे आहे. डायलिसिसबद्दल काही बोलणे झालेले नाही.’

एवढ्या मजकुराला कागदाची एक बाजू पुरते आणि वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत. यातली प्रत्येक ओळ वरच्या दोन प्रश्नांपैकी एकाला बांधलेली आहे.

मधुमेहाने किडनी बिघडते तेव्हा ती सहसा हळूहळू, काही वर्षांत बिघडते. लघवीत आधी थोडे अल्ब्युमिन दिसू लागते, मग ते वाढते, आणि बहुतेकदा तोवर डोळ्यांच्या पडद्यावरही मधुमेहाच्या खुणा आलेल्या असतात. या रुग्णाची लघवी वर्षापूर्वी स्वच्छ होती, पडदा अजून स्वच्छ आहे, लघवीत लाल पेशी आहेत आणि क्रिएटिनिन आठ महिन्यांत जवळपास दुप्पट झाले आहे. हे चित्र नेहमीच्या मधुमेही किडनीचे नाही. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकाने किडनीला इजा झाली असेल, किंवा किडनीच्या गाळण्यांना वेगळ्याच कारणाने दाह झाला असेल. या दोन शक्यतांचे उपचार वेगळे आहेत आणि दुसरी असेल तर उशीर महागात पडतो. ‘आठवड्याच्या आत’ हे शब्द त्यासाठी आहेत. कारण न देता नुसते ‘अर्जंट’ लिहिलेल्या चिठ्ठ्या इतक्या येतात की रिसेप्शनवर त्या शब्दाला फारसे कोणी विचारत नाही.

क्रिएटिनिनचे चार आकडे वेळेसकट दिले आहेत, त्यात या चिठ्ठीचा निम्मा अर्थ आहे. नुसते ‘क्रिएटिनिन 2.2’ लिहिले असते तर तज्ज्ञाला तो बिघाड पाच वर्षांचा की पाच आठवड्यांचा हे कळले नसते. शेवटचे दोन आकडे आणखी एक गोष्ट सांगतात: डायक्लोफिनॅक थांबवून दहा दिवस झाले तरी क्रिएटिनिन उतरलेले नाही. सगळे आकडे एकाच लॅबचे आहेत हेही मुद्दाम लिहिले आहे, कारण लॅब बदलली की थोडा फरक त्यामुळेही पडतो.

‘नाही’ म्हणून लिहिलेल्या गोष्टी नवख्या वाचकाला फुकट जागा अडवणाऱ्या वाटतात. पण ताप, चट्टे, सांधेदुखी, खोकल्यातून रक्त या लक्षणांवरून किडनीच्या दाहाची काही गंभीर कारणे ओळखता येतात, आणि मुतखडा किंवा अडथळा असता तर रुग्ण वेगळ्याच तज्ज्ञाकडे गेला असता. ही लक्षणे विचारली आणि ती नव्हती, हे लिहिल्यावर तज्ज्ञाला तिथून पुढे सुरुवात करता येते. काहीच लिहिले नाही तर विचारले नव्हते की विचारून ‘नाही’ आले, हे कळायला मार्ग नाही. अर्थात ‘नाही’ची यादी लांबवायची नसते. प्रश्नाचे उत्तर बदलू शकेल तेवढेच ‘नाही’ लिहायचे.

2021 चा स्टेंट वरवर किडनीशी संबंध नसलेला दिसतो, आणि घाईत लिहिलेल्या चिठ्ठीतून नेमका तो गळतो. पण प्रश्न बायोप्सीचा आहे. किडनीची बायोप्सी म्हणजे सुईने तुकडा काढणे. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून ॲस्पिरिन काही दिवस आधी थांबवायचे का हा विचार करावा लागतो. स्टेंट असलेल्या माणसाचे ॲस्पिरिन हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता थांबवणे बरे नव्हे. ही एक ओळ नसती तर ती गोष्ट बायोप्सीच्या दिवशी सकाळी उघड झाली असती, आणि रुग्णाला सोलापूरहून हात हलवत परतावे लागले असते.

औषधांच्या ओळीत नाव, मात्रा आणि नुकताच केलेला बदल, तिन्ही असावे लागतात. मेटफॉर्मिन किडनीवाटे बाहेर पडते. ईजीएफआर 45 च्या खाली आला की त्याची मात्रा कमी करतात आणि 30 च्या खाली गेला की ते बंदच करतात. गावच्या डॉक्टरांनी ते निम्मे केले आणि तसे लिहिले, त्यामुळे तो विषय मिटला. टेल्मिसार्टनबद्दल त्यांची खरी अडचण आहे. हे औषध लघवीतले अल्ब्युमिन कमी करते, पण पोटॅशियम वाढवू शकते आणि किडनी वेगाने बिघडत असताना नडूही शकते. ठेवावे की थांबवावे हे त्यांना ठरवता येत नाही, आणि तसे त्यांनी सरळ विचारले आहे. ‘टेल्मिसार्टनबद्दल मार्गदर्शन करावे’ असे मोघम लिहिले असते तर उत्तरही मोघम आले असते.

पत्रात निदानाचा अंदाज लिहावा की नाही याबद्दल डॉक्टरांत दोन मते आहेत. अंदाज लिहिला तर तज्ज्ञाचे डोके त्याच दिशेने जाते, असे काहींना वाटते. वरच्या चिठ्ठीत अंदाज प्रश्नाच्या रूपात आहे, ‘मधुमेहामुळे की दुसऱ्या कारणाने’, आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते. शंकेला निदानाचे रूप देऊन लिहिणे मात्र वाईट. एकदा कागदावर ‘मधुमेही किडनी’ असे आले की पुढचे सगळे कागद ते उतरवून घेतात, आणि मूळ शंका कुणालाच दिसत नाही.

तातडीच्या चिठ्ठीचे गणित वेगळे असते. छातीत दुखते म्हणून रुग्णाला ॲम्ब्युलन्सने पाठवताना मधुमेह किती वर्षांचा आहे यापेक्षा घड्याळ महत्त्वाचे. दुखणे किती वाजता सुरू झाले, ईसीजी किती वाजता काढला, कोणते औषध किती वाजता दिले, ही तीन उत्तरे आणि ईसीजीची प्रत एवढेच सोबत हवे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे दुखणे सुरू झाल्यापासून 12 तासांच्या आत देतात, त्यामुळे सुरुवातीच्या वेळेवर उपचार ठरतो. ते इंजेक्शन आधीच दिले असेल आणि चिठ्ठीत लिहिले नसेल, तर पुढच्या रुग्णालयात ते दुसऱ्यांदा दिले जाण्याचा धोका असतो.

साध्या असोत की तातडीच्या, दोन्ही चिठ्ठ्यांमध्ये पाठवणाऱ्या डॉक्टरांचा फोन नंबर असायला हवा. कागदावर सुटलेली गोष्ट मिनिटभराच्या फोनने कळते.

तज्ज्ञाचे लेखी उत्तर हा या व्यवहाराचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि आपल्याकडे तोच जास्त गळतो. रुग्णाच्या हातात नवे प्रिस्क्रिप्शन पडते, पण जुन्यातले काय बंद केले, पुढचे क्रिएटिनिन कधी करायचे आणि कोणत्या लक्षणावर लगेच परत यायचे, हे लिहिलेले नसते. मग रुग्ण कधीकधी दोन्ही कागदांवरची औषधे एकत्र घेतो. वरच्या केसमधला शेतकरी गावी परतल्यावर टेल्मिसार्टन घेणार की नाही, हे उत्तरात एका ओळीत यायला हवे.

रुग्ण आणि घरच्यांनी दोन कामे करावीत. निघताना चिठ्ठीत कोणता प्रश्न विचारला आहे हे डॉक्टरांना विचारून घ्यावे, आणि तपासणी झाल्यावर तज्ज्ञांकडे त्याच प्रश्नाचे लेखी उत्तर मागावे. दोन्ही कागदांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत, आणि उत्तराचा कागद पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना दाखवल्याखेरीज जुनी औषधे पुन्हा सुरू करू नयेत.