बोट ठेवून वाचायची वाक्ये

‘तांबे, ॲल्युमिनिअम, जस्त आणि लोखंड हे धातू अनुक्रमे १०८५, ६६०, ४२० आणि १५३८ अंश सेल्सिअसला वितळतात.’ वाक्यात एकही चूक नाही. पण जस्त किती अंशांना वितळते, असे विचारले तर वाचक पुन्हा मागे जातो, जस्ताचा नंबर तिसरा हे मोजतो आणि मग तिसरा आकडा शोधतो.

माणूस एका वेळी साधारण चार गोष्टीच मनात धरू शकतो, असा अंदाज मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडला. इथे तर आकडे सुरू होण्याआधीच चार धातूंनी ती जागा अडवलेली असते. इंग्रजीत अवस्था आणखी बिकट. तिथला ‘रिस्पेक्टिव्हली’ बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. म्हणजे जोड्या लावायच्या होत्या हे कळते तेव्हा आकडे वाचून झालेले असतात. मराठीतला ‘अनुक्रमे’ आकड्यांच्या आधी येऊन निदान सावध तरी करतो.

खरा धोका वेगळाच आहे. टंकताना एक आकडा गळला तर मोजणी जुळत नाही आणि चूक उघडी पडते. पण १०८५ आणि ६६० यांची अदलाबदल झाली, तर वाक्य पूर्वीइतकेच नीटनेटके दिसते. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे, त्यालाच ती चूक दिसते.

यावर उपाय सोपा आहे: ‘तांबे १०८५ अंशांना वितळते, ॲल्युमिनिअम ६६०, जस्त ४२० आणि लोखंड १५३८ अंशांना.’ प्रत्येक आकडा आपल्या धातूशेजारी बसला आणि ‘अनुक्रमे’ची गरजच उरली नाही. जोड्या याहून वाढल्या तर सरळ तक्ता करावा. दोनच असतील तर ‘अनुक्रमे’ फारसा त्रास देत नाही.

‘फॉर्मर’ आणि ‘लॅटर’ ही इंग्रजीतली दुसरी जोडगोळी. दोन गोष्टींपैकी आधी आलेली ‘फॉर्मर’, नंतरची ‘लॅटर’. तीन गोष्टींनंतर कुणी ‘लॅटर’ लिहिले, की ती शेवटची एक की शेवटच्या दोन, हे वाचकाने ताडायचे.

मराठीला इथे लिंगाची मदत होते. ‘विषाणू पेशीत शिरतो आणि ती फुटते’ यातली ‘ती’ पेशीच. पण जीवाणू आणि विषाणू दोन्ही पुल्लिंगी, तिथे ही मदत संपते. मग ‘यांपैकी पहिल्यांवर प्रतिजैविके चालतात, दुसऱ्यांवर नाही’ असे वाक्य तयार होते, आणि रुग्णाचे नातेवाईक पहिले कोण ते शोधत बसतात.

लेखक असे का करतात? एकच शब्द पुन्हा आला तर भाषा गरीब दिसेल, ही शाळेपासूनची भीती. फाउलर बंधूंनी १९०६ मध्येच ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये पुनरुक्ती टाळण्याच्या या हौसेची खिल्ली उडवली होती. ‘प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही’ या वाक्यात नावे घेतली आहेत, आणि तरीही ते आधीच्यापेक्षा आखूड आहे.