पुढचा टायर फुटतो तेव्हा

आमच्या पनवेलात घराघरांत पुण्याला जाणारे कुणी ना कुणी असतेच. कळंबोलीला द्रुतगती मार्गावर चढले की गाडी शंभरावर कधी जाते ते कळतही नाही. शंभराचा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. 'अगं आई गं' म्हणेपर्यंत गाडी आठ-दहा घरांची चाळ ओलांडून जाते. अशा वेगात पुढचा टायर फुटला, तर चालवणाऱ्याचा उजवा पाय आपोआप ब्रेकवर जातो. घात होतो तो बहुधा तिथेच.

माझ्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक चालक राहतात. बँकेत असताना मी वाहनकर्जाच्या फायली पुष्कळ पाहिल्या, पण गाडी रस्त्यावर कशी वागते हे मला समजावले त्यांनी. ओट्यावर बसून, हातातल्या ताटलीचे स्टिअरिंग करून ते म्हणाले, "साहेब, टायर गेला तरी गाडी लगेच जात नाही. तिला माणूस घालवतो."

समजा, आपण मधल्या मार्गिकेतून शंभराने चाललो आहोत आणि पुढचा डावा टायर फुटला. बंदुकीसारखा बार होतो आणि फाटलेले रबर फडाफडा आपटू लागते. बसलेले चाक रस्त्याला घासून त्या बाजूने गाडीला मागे खेचते. उजवे चाक मात्र मोकळे धावत असते, म्हणून गाडीचे तोंड डावीकडे, ट्रकांच्या रांगेकडे वळू पाहते. आता जोरात ब्रेक मारला, तर गाडीचा भार पुढे झुकतो आणि नेमका त्या लुळ्या चाकावर येतो. उजवे चाक चांगले ब्रेक धरते, डाव्याला धड पकड नसते. शिवाय टायर रिमवरून निसटून लोखंड काँक्रीटवर घासू लागले, की स्टिअरिंगला दाद मिळेनाशी होते. घाबरून कुणी ते उजवीकडे हिसकले, तर गाडी दुभाजकावर जाते किंवा उलटते.

मग करायचे काय? दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी आपल्याच मार्गिकेत सरळ ठेवायची. ती डावीकडे ओढत असेल, तर ती ओढ मोडण्यापुरतेच उजवीकडे धरायचे, अधिक नाही. ब्रेकला पाय लावायचा नाही आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढायचाही नाही. क्षणभर तो होता तसा ठेवायचा, किंचित दाबला तरी चालेल. हे ऐकून आमच्या घरातली मंडळी हसली होती. टायर फुटला आणि वर वेग द्यायचा? पण हेतू वेग वाढवण्याचा नाही. फुटलेले चाक मागे ओढते आहे, त्याला इंजिनाने थोडे उत्तर द्यायचे, म्हणजे गाडी सरळ राहते. ती हाताशी आली, की पाय हळूहळू सोडायचा. वेग आपोआप उतरतो. त्याला तीन-चारशे मीटर लागले तर लागू द्यावेत. वेग तीस-चाळीसवर आला, की इशारा देऊन अलगद डावीकडे यायचे आणि शेवटी हलका ब्रेक.

माझ्या भाच्याच्या गाडीचा टायर खालापूरच्या अलीकडे असाच फुटला, तेव्हा मी शेजारच्याच आसनावर होतो. त्याने नेमके एवढेच केले. मागच्या आसनावर झोपलेली त्याची मुलगी गाडी थांबल्यावर जागी झाली. चाक काढले तेव्हा टायरची आतली भिंत कडेकडेने भाजल्यासारखी काळी पडून सुटलेली दिसली. शेजारी म्हणाले, हवा कमी होती.

उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून दोन-चार पौंड कमीच भरावी, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते उलटे आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, त्या दबण्यानेच तापतो आणि आतले थर सुटू लागतात. बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर आकडा चिकटवलेला असतो; भरलेल्या गाडीचा आकडा बहुधा वेगळा असतो. सकाळी गार टायरात तेवढी हवा भरावी आणि तापलेल्या टायरातली मुळीच काढू नये. भिंतीवर फुगवटी दिसली, तर तो टायर हवा बरोबर असूनही कामातून गेला.

थांबल्यावरचा धोका वेगळा. ५ जून २०१६ च्या पहाटे पनवेलजवळ शेडुंगपाशी, टायर पंक्चर झाल्याने कडेला थांबलेल्या मोटारीपाशी एक खासगी बस येऊन आदळली. १७ माणसे गेली. म्हणून गाडी कडेला घेताच धोक्याचे दिवे लावावेत, सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे न्यावे आणि मदत बोलवावी. लाल त्रिकोण ठेवायला जायचे तर कडेकडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून जावे. उजव्या बाजूचा टायर असेल, तर जॅक लावायला बसणारा माणूस वाहत्या रस्त्याकडे पाठ करून बसतो. तिथे स्टेपनी बदलण्याच्या फंदात पडू नये. क्रेन येईपर्यंत तास गेला तरी चालेल.