अयनांश कोणता धरावा? एका अंशाच्या फरकाचा हिशेब

वसंतसंपातापासून मोजलेल्या सायन भोगांशातून जो कोन वजा केला की निरयण भोगांश मिळतो, त्याला अयनांश म्हणतात. संपातबिंदू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दरवर्षी सुमारे 50 विकला मागे सरकतो, म्हणजे जवळजवळ 72 वर्षांत एक अंश. त्यामुळे ताऱ्यांशी बांधलेले राशिचक्र आणि संपाताशी बांधलेले राशिचक्र यांतील अंतर वाढत जाते. या सरकण्याचा वेग आज फार काटेकोरपणे ठाऊक आहे आणि त्याविषयी वाद उरलेला नाही. वाद आहे तो राशिचक्राचा शून्यबिंदू, म्हणजे निरयण मेषारंभ, आकाशात नेमका कुठे मानायचा याचा.

मेषारंभाच्या जागी एखादा ठळक तारा असता तर प्रश्नच उरला नसता. सूर्यसिद्धान्तात रेवतीचा योगतारा 359 अंश 50 कलांवर, म्हणजे मेषारंभाला जवळजवळ लागून, आणि चित्रेचा योगतारा 180 अंशांवर दिला आहे. त्या हिशेबाने दोन्ही तारे साधारण समोरासमोर हवेत. प्रत्यक्षात चित्रा आणि रेवतीचा म्हणून सामान्यतः ओळखला जाणारा मीन राशीतील अंधुक तारा यांच्या भोगांशांत सुमारे 184 अंशांचे अंतर आहे. चित्रेला 180 अंशांवर ठेवले तर रेवती मेषारंभापासून जवळजवळ चार अंश दूर जाते, आणि रेवतीला तिच्या जागी ठेवले तर चित्रा तितकीच ढळते. दोघींचा मान एकाच वेळी राखता येत नाही. महाराष्ट्रात पंचांगांचे दोन पक्ष पडले ते येथूनच. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रापक्ष मांडला, तर लोकमान्य टिळकांचा कौल रेवतीपक्षाला होता आणि टिळक पंचांग आजही त्याच पक्षाने निघते.

स्वतंत्र भारतात मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने 1955 साली अहवाल दिला. तिने चित्रापक्षाला जवळचा असा अयनांश स्वीकारला आणि 21 मार्च 1956 साठी त्याचे मूल्य 23 अंश 15 कला ठरवले. समितीचे सचिव निर्मलचंद्र लाहिरी होते, म्हणून संगणकीय कुंडल्यांत हा अयनांश ‘लाहिरी’ या नावाने दिसतो. बंगळूरचे बी. व्ही. रामन मात्र इसवी सन 397 हे शून्यवर्ष धरत, तर लाहिरी अयनांश मागे नेला की शून्य 285 च्या सुमारास येते. या 112 वर्षांतून दीड अंशाच्या आसपास फरक निघतो. दोघांनी धरलेला वार्षिक वेगही किंचित वेगळा असल्याने आज तो 1 अंश 26 कलांवर स्थिरावलेला दिसतो. कृष्णमूर्ती पद्धतीचा अयनांश लाहिरीपेक्षा साधारण सहा कलांनी कमी आहे. पाश्चात्त्य निरयणवाद्यांचा फेगन-ब्रॅडली अयनांश सुमारे 53 कलांनी जास्त आहे.

1 जानेवारी 2000 रोजी भारतीय वेळेनुसार सायंकाळी साडेपाचची कुंडली घेतली, तर या फरकाचे वजन कळते. त्या क्षणी चंद्राचा सायन भोगांश 223 अंश 19 कला होता. लाहिरीने 23 अंश 51 कला वजा केल्यावर 199 अंश 28 कला उरतात, म्हणजे तूळ राशीचे 19 अंश 28 कला. स्वाती नक्षत्र 200 अंशांवर संपते, त्यामुळे चंद्र स्वातीच्या चौथ्या चरणात, अगदी कडेला येतो. रामन अयनांश त्याच क्षणी 22 अंश 25 कला आहे. तो वजा केला की चंद्र 200 अंश 54 कलांवर जातो आणि नक्षत्र विशाखा होते. राशी तूळच राहते, पण जन्मनक्षत्र बदलते.

विंशोत्तरी दशेत याचे परिणाम फार लांबवर जातात. लाहिरीप्रमाणे जन्मवेळी राहूची महादशा असून तिचे फक्त साडेआठ महिने शिल्लक राहतात, त्यानंतर गुरूची सोळा वर्षे. रामनप्रमाणे जन्मच गुरूच्या महादशेत आणि तिची सुमारे 14 वर्षे 11 महिने शिल्लक. म्हणजे शनीची महादशा एका गणिताने सोळा वर्षे आठ महिने उलटल्यावर, तर दुसऱ्याने पंधरावे वर्ष पुरे होण्याआधीच सुरू होते. पुढची प्रत्येक महादशा याच एक वर्ष दहा महिन्यांच्या अंतराने पुढेमागे राहते. कृष्णमूर्तींच्या सहा कलाही निरुपद्रवी नाहीत. याच कुंडलीत राहूची शिल्लक त्यांच्यामुळे दीड महिन्याने घटते, म्हणून अंतर्दशांच्या तारखा ताडून पाहणाऱ्याला त्या जाणवतात.

सगळे ग्रह आणि लग्न सारख्याच कोनाने सरकतात, त्यामुळे ग्रहांमधली अंतरे अयनांश बदलल्याने बदलत नाहीत. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातील अंतर, म्हणून ती सर्व अयनांशांत एकच. करणाचेही तसेच. नक्षत्र, नवमांश आणि राशिसंक्रांत मात्र बदलतात. पंचांगातल्या योगात तर सूर्य आणि चंद्र यांच्या भोगांशांची बेरीज असते, तिथे फरक दुप्पट होतो.

संक्रांत बदलली की महिन्याचे नावही बदलू शकते. 2023 साली 18 जुलै ते 16 ऑगस्ट या चांद्रमासात चित्रापक्षाप्रमाणे एकही संक्रांत नव्हती, कारण सिंह संक्रांत 17 ऑगस्टला आली. म्हणून तो अधिक श्रावण ठरला आणि गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला झाली. टिळक पंचांगाचा अयनांश सुमारे चार अंशांनी कमी असल्याने त्याची सिंह संक्रांत चारेक दिवस आधी, म्हणजे त्याच चांद्रमासात पडली. त्याचा श्रावण निज राहिला आणि ते पाळणाऱ्या घरी गणपती ऑगस्टमध्येच आले. आकाशातली अमावास्या दोघांचीही एकच होती.

कुंडली दुसऱ्या कोणी केलेली असेल तर तिचा अयनांश ओळखणे सोपे आहे. कोणत्याही ग्रहाच्या सायन भोगांशातून छापील निरयण भोगांश वजा करावा. सर्व ग्रहांसाठी तोच कोन आला पाहिजे. एखाद्याच ग्रहासाठी वेगळा आला, तर चूक त्या ग्रहाच्या गणितात आहे. हे न तपासता दोन कुंडल्या समोर ठेवल्या की फरकाचा दोष हमखास जन्मवेळेवर येतो. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकते, म्हणजे रामन आणि लाहिरी यांच्यातला फरक सुमारे सहा मिनिटांच्या चुकीसारखा भासतो. या कारणाने बरोबर नोंदलेली जन्मवेळ ‘दुरुस्त’ करणे हा या विषयातला सर्वांत नुकसानकारक प्रकार म्हणावा लागेल.

निवड करताना ज्या ग्रंथाचे किंवा पद्धतीचे नियम लावायचे, त्याचाच अयनांश धरणे योग्य. कृष्णमूर्तींची उपनक्षत्रे त्यांच्याच अयनांशावर, रामन यांच्या उदाहरणकुंडल्या रामन अयनांशावर आणि राष्ट्रीय पंचांगाशी जुळवायचे असेल तर लाहिरीवर. दुर्बीण ताऱ्याचे स्थान कितीही सूक्ष्म सांगू शकते, पण मेषारंभ कुठे मानावा हे ती सांगत नाही. तो शेवटी संकेतच आहे. म्हणून घटना जुळेपर्यंत अयनांश बदलत राहिल्याने काहीच सिद्ध होत नाही. अयनांशाचे नाव आणि त्या दिवसाचे त्याचे मूल्य कुंडलीवर लिहिलेले असले, तर तीच कुंडली दुसऱ्या अयनांशात नेणे ही एका वजाबाकीची गोष्ट राहते.