मैत्रिणीनं घेतलेली मुलाखत



सणसर-लासुर्णे पट्ट्यातल्या आमच्या ओळखीच्या एका वहिनीला बारामती एमआयडीसीतल्या कपड्याच्या कारखान्यातून मुलाखतीला बोलावणं आलं. चार दिवस हातात होते. गटाच्या बैठकीत ती म्हणाली, "मला शिवता येतं, पण बोलता येत नाही. साहेबांसमोर बसलं की घशाला कोरड पडते." तेव्हा आम्ही ठरवलं की खरी मुलाखत होण्याआधी एक खोटी मुलाखत आपणच घ्यायची. ती कशी घेतली, कुठं चुकलो आणि काय हाती लागलं, ते आज सांगते.

त्यासाठी तिघी लागतात. एक प्रश्न विचारणार, एक उत्तर देणार आणि तिसरी गप्प बसून लिहिणार. दोघींत भागतं, पण मग विचारणारीचं अर्धं लक्ष लिहिण्यात जातं. तिसरी नसेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि नंतर ऐकून लिहा. खोलीत चहा, मुलं, टीव्ही काही नको. उमेदवारानं दार वाजवून आत यायचं, बसायचं आणि मध्येच हसून "अगं, हे काय विचारतेस?" असं म्हणायचं नाही. वीस मिनिटं आपण मैत्रिणी नाही, एवढं आधी कबूल करून घ्यायचं.

प्रश्न आम्ही पाचच घेतले. शाळेच्या वहीचं एक पान आडवं धरून त्यावर रेघा मारल्या. डाव्या बाजूला प्रश्न, मधल्या मोठ्या रकान्यात "ऐकलेले शब्द" आणि शेवटच्या छोट्या रकान्यात गुण. प्रश्न असे होते:

1. तुमच्याबद्दल सांगा.
2. शिलाईचा अनुभव काय आहे?
3. कामात कधी चूक झाली का? मग काय केलंत?
4. मुलं लहान आहेत, रोज वेळेवर येणं कसं जमेल?
5. तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का?

प्रत्येक उत्तराला शून्य, एक किंवा दोन गुण. उत्तर आलंच नाही, किंवा विचारलं एक आणि सांगितलं दुसरं, तर शून्य. उत्तर आलं पण मोघम आलं, तर एक. उत्तरात एखादा आकडा, एखादी वस्तू किंवा खरा घडलेला प्रसंग आला, तर दोन. शेवटच्या प्रश्नाला उमेदवारानंच नेमकं काही विचारलं तर दोन. सगळे मिळून दहा. दहापैकी सात, पाचपैकी चार अशी मोठी मापं आम्ही मुद्दाम टाळली. "चार द्यावे का पाच" यात दोघींचं कधी जमत नाही. शून्य, एक, दोन यात फारसा वाद होत नाही, कारण प्रत्येक गुणाचा अर्थ आधीच ठरलेला असतो.

गुण द्यायचे ते उत्तर संपल्या संपल्या, पुढचा प्रश्न विचारण्याआधी. सगळं झाल्यावर एकदम गुण दिले तर शेवटचं उत्तर लक्षात राहतं आणि पहिली चार त्याच्याच रंगात रंगतात.

पहिल्या फेरीत आम्ही दोघींनी वेगवेगळे गुण दिले. प्रश्न विचारणारीनं सगळीकडे दोन दिले, म्हणजे दहापैकी दहा. लिहिणारीनं दिले दोन. आता हे कसं? म्हणून मधला रकाना वाचून पाहिला.

"तुमच्याबद्दल सांगा" याला वहिनीनं स्वतःचं नाव सांगितलं आणि मग मालक काय करतात, शेती किती, सासूबाईंचं ऑपरेशन कधी झालं, हे सांगितलं. स्वतःबद्दल एक वाक्य नाही. शून्य. शिलाईच्या अनुभवाला उत्तर होतं, "अनुभव असा काही नाही, घरीच असते, थोडंफार शिवते." एक. चुकीबद्दल विचारलं तर म्हणाली, "माझ्याकडून चूक होत नाही." शून्य. मुलांबद्दल, "जमेल की, जमवीन." एक. शेवटी काही विचारायचंय का, तर मान हलवून "नाही". शून्य.

शब्द समोर आले तेव्हा दहा गुण देणारी मैत्रीण स्वतःच म्हणाली, "मला माहीत आहे ना ती किती ब्लाउज शिवते, म्हणून मला ते ऐकू आल्यासारखं वाटलं." मैत्रिणीनं गुण देताना नेमकी हीच चूक होते. आपण ऐकलेल्याला गुण देत नाही, माहीत असलेल्याला देतो. समोरच्या साहेबाला मात्र तेवढंच कळतं जेवढं तोंडातून निघालं. म्हणून नियम केला की ज्या गुणासमोर ऐकलेले शब्द लिहिलेले नाहीत, तो गुण खोडायचा. आणि कुठल्याही कागदावर पाचही गुण सारखे दिसले, तर तो कागद पुन्हा तपासायचा. एवढं सारखं कुणीच बोलत नाही.

मग आलं सगळ्यांत अवघड काम, तोंडावर खरं सांगणं. आधी वहिनीलाच विचारलं की तू स्वतःला किती देशील. ती म्हणाली, "तीन." म्हणजे तिला बरंच समजलेलं होतं. यामुळे सांगणारीचं ओझंही हलकं झालं. मग आम्ही सांगायचा एक ठरावीक क्रम धरला. तू काय बोललीस, त्यातून ऐकणाऱ्याला काय कळलं, आणि त्या जागी काय सांगता येईल. उदाहरणार्थ, "तू म्हणालीस, अनुभव असा काही नाही. ऐकणाऱ्याला कळलं की हिला मशीन नवीन आहे. तू सहा वर्षं शिवतेस, ते सांग."

"आत्मविश्वास वाढव", "नीट बोल", "घाबरू नको" ही वाक्यं आम्ही बाद केली. ती ऐकून घरी जाऊन नक्की काय करायचं ते कुणालाच कळत नाही. साडी, रंग, अंगकाठी यावर एक अक्षर नाही. बोलीवरही नाही. आपण "व्हय" म्हणतो, "न्हाई" म्हणतो, त्याचे गुण कापायचे नाहीत. शब्द तोंडात अडकले किंवा आवाज समोरच्या भिंतीपर्यंत गेला नाही, एवढंच लिहायचं. आणि एका फेरीनंतर दोनच गोष्टी सांगायच्या. पाचही एकदम सांगितल्या तर पुढच्या फेरीत बाई उत्तर द्यायचं सोडून आमच्या सूचना आठवत बसते.

ऐकणारीलाही एक पथ्य होतं. "पण मला तसं म्हणायचं नव्हतं" असं समजावत बसायचं नाही. खऱ्या मुलाखतीत तशी संधी मिळत नाही. फक्त एवढं विचारायचं, "माझा कुठला शब्द खटकला?"

दोन दिवसांनी दुसरी फेरी झाली. अनुभवाचं उत्तर असं आलं: "सहा वर्षं घरी ब्लाउज शिवते. लग्नसराईत महिन्याला पंचवीस-तीस होतात. मोटर लावलेल्या शिलाई मशीनवर काम करते. ओव्हरलॉक मशीन अजून चालवलेलं नाही, पण शिकेन." दोन गुण. जे येत नाही ते तिनं लपवलं नाही, हे मला फार आवडलं. अशा कारखान्यात बोलणं झाल्यावर मशीनवर बसवून बघतात, तिथं खोटं दोन मिनिटांत उघडं पडतं.

चुकीच्या प्रश्नाला तिनं खरा प्रसंग सांगितला. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची एक बाही उलट्या बाजूनं लागली होती. तिनं शिवण उसवून बाही पुन्हा लावली आणि तेव्हापासून कापण्याआधी सुलट बाजूवर खडूनं खूण करते. दोन गुण. मात्र हे सांगायला तिला तीन मिनिटं लागली, कारण गिऱ्हाईक कोण, कुणाचं लग्न, तेही आलं. म्हणून समासात लिहिलं, "लांबलं". उत्तर साधारण एका मिनिटात बसावं. काय बिघडलं, काय केलं, आता काय करते, या तीन वाक्यांत ते बसतं. पहिल्या प्रश्नालाही या वेळी स्वतःचं शिक्षण आणि स्वतःचं काम सांगितलं, तिथंही दोन.

मुलांच्या प्रश्नाला मात्र पुन्हा एकच गुण पडला. ती म्हणाली, "सासूबाई बघतील." विचारणारीनं पुढचा प्रश्न टाकला, "पोरांना शाळेतून कोण आणतं? सणसरहून बारामती स्टँड आणि तिथून एमआयडीसी, म्हणजे दोन गाड्या. पहिली एसटी चुकली तर?" वहिनी गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, "अजून सासूबाईंना विचारलंच नाही."

मैत्रिणींनो, इथं बोलण्याचा सराव कामाचा नव्हता. घरातलं ठरलेलं नव्हतं, म्हणून तोंडात उत्तर नव्हतं. एखाद्या प्रश्नाला दोन्ही फेऱ्यांत एकच गुण पडत असेल, तर उत्तर घासूनपुसून चकचकीत करायच्या आधी बघा की मागं खरंच काही ठरलंय का. त्या रात्री ती सासूबाईंशी आणि मालकांशी बोलली. सकाळी पोरांचं आवरून देणं मालकांकडे आलं, शाळेतून आणणं सासूबाईंकडे, आणि त्यांना बरं नसेल त्या दिवशी शेजारची जाऊ.

शेवटच्या प्रश्नाला तिनं "पगार किती?" एवढंच विचारलं. एक गुण. तिथं तिला आम्ही सुचवलं की असं विचार: "पीएफ आणि ईएसआय कापून हातात किती येतील? शिकण्याचे दिवस किती आणि त्या दिवसांचा पगार मिळतो का?" एकूण झाले आठ.

तिसरी फेरी मुलाखतीच्या आदल्या दिवशी घेतली, पण प्रश्नांचा क्रम आणि शब्द बदलून. कारण दुसऱ्या फेरीनंतर उत्तरं पाठ व्हायला लागतात. ते ओळखायची खूण सोपी आहे. प्रश्न जरा फिरवला की उमेदवार अडखळते, किंवा न विचारलेलं पुढचं वाक्य घडाघडा म्हणते. "अनुभव काय?" याऐवजी "या आठवड्यात काय शिवलंत?" असं विचारलं. वहिनीनं थोडा विचार केला आणि त्या आठवड्याचंच सांगितलं. तेव्हा आम्ही थांबलो. त्या फेरीचे गुण मोजलेच नाहीत.

खऱ्या मुलाखतीत आमच्या पाचांपैकी तीनच प्रश्न आले. चौथा प्रश्न नवीनच होता, कापडाच्या मोजमापाचा. तो तिला आला, कारण ते तिचं रोजचं काम. मुलांचा प्रश्न आला तेव्हा तिनं तिघांची वाटणी सांगितली आणि साहेबांनी पुढं काही विचारलं नाही. मग मशीनवर बसवलं. तिथं आमच्या कागदाचा काही उपयोग नव्हता, तिथं तिचे हातच बोलले. आता ती ओव्हरलॉक शिकतेय.

तो वहीचा कागद तिनं गटाला परत दिला. मधला रकाना तिनं घडी घालून कापून घेतला. त्यावर तिच्याच तोंडचं वाक्य लिहिलेलं आहे, "अनुभव असा काही नाही." ते तिनं शिलाई मशीनच्या खणात ठेवलंय.