मूळव्याध दिसली, म्हणून रक्त तिचंच का?

शौचाला बसल्यावर पांढऱ्या भांड्यात लालभडक थेंब दिसले की बहुतेक जण आधी घाबरतात आणि मग ‘मूळव्याधच असणार’ असं ठरवून मोकळे होतात. दहातल्या बहुतेक वेळा तो अंदाज खराही ठरतो. अडचण होते ती उरलेल्या वेळी. मूळव्याध इतकी सर्रास आढळते की ती असलेल्या माणसाच्या आतड्यात दुसरंही काही असू शकतं, हे ध्यानातच राहत नाही.

एक उदाहरण घेऊ. नांदेड जिल्ह्यातल्या एका गावात शिकवणाऱ्या एकावन्न वर्षांच्या शिक्षिका आहेत असं समजा. शाळेतलं स्वच्छतागृह वापरण्याजोगं नाही, म्हणून त्या सकाळपासून पाणी बेतानंच पितात. पहाटे डबे, स्वयंपाक आणि एसटीची वेळ यांच्या गडबडीत पोट साफ व्हायच्या आधीच उठावं लागतं. शौच कडक होते, कुंथावं लागतं आणि शेवटी रक्ताचे थेंब पडतात. दुखत मात्र काहीच नाही.

न दुखणं हीच इथली खूण आहे. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मतःच असतात आणि वायू किंवा पातळ मल रोखून धरायला त्या मदत करतात. वर्षानुवर्षं कुंथल्यामुळे त्यांना धरून ठेवणारा आधार सैल होतो, त्या फुगतात आणि खाली सरकतात. मग कडक मल त्यांना खरवडत बाहेर पडतो. या आतल्या भागात वेदना जाणवणाऱ्या नसा नसतात, म्हणून रक्त येतं पण दुखत नाही. रक्त ताजं लाल असतं आणि मलात मिसळलेलं नसून वरून लागलेलं किंवा शेवटी ठिबकलेलं असतं.

शौचाच्या वेळी चिरल्यासारखं दुखत असेल आणि ती आग पुढे तासभर किंवा त्याहून जास्त टिकत असेल, तर ती बहुधा मूळव्याध नसून फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला पडलेली चीर असते. एकाएकी निळसर, टणक आणि हात लावू न देणारी गाठ आली, तर बाहेरच्या मूळव्याधीत रक्त गोठलेलं असतं. अशी गाठ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्जनला दाखवली तर जागा बधिर करून ती काढता येते. त्यानंतर मात्र दुखणं आपोआप ओसरू लागतं आणि शेक पुरेसा होतो.

शिक्षिका तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी हातमोजा घालून बोटानं तपासलं आणि छोट्या नळीनं आत पाहिलं. दोन मिनिटांची ही तपासणी लाजेपायी टाळली जाते. पाटी पाहून इंजेक्शन टोचून घ्यायला जाणारे तर ती न करताच उपचार घेतात. माझ्या मते, ज्यानं तपासलंच नाही त्याच्याकडून मूळव्याधीचं औषध घेऊ नये.

तपासणीत दुसऱ्या टप्प्याची मूळव्याध दिसली. कोंब कुंथताना बाहेर येत होता आणि आपोआप आत जात होता. या टप्प्यावर पहिला उपचार म्हणजे चोथा, म्हणजेच तंतुमय पदार्थ. अनेक चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या तेव्हा चोथा वाढवणाऱ्यांमध्ये रक्त जाण्याचा धोका साधारण निम्म्यावर आलेला दिसला. दिवसाला 25 ते 30 ग्रॅमचं लक्ष्य ठेवावं. ज्वारीच्या एका भाकरीत साधारण 6 ग्रॅम चोथा असतो, वाटीभर भातात जेमतेम 1 आणि मध्यम पेरूत 8 च्या आसपास. बाईंनी रात्रीच्या भाताऐवजी भाकरी घेतली, डब्यात मोडाची उसळ आणली आणि झोपताना एक चमचा इसबगोल सुरू केलं.

इसबगोलात चूक होते ती पाण्याची. ते पाणी शोषून फुगतं आणि मल मऊ राखतं. पाणी कमी पडलं तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. म्हणून ते कोरडं तोंडात टाकू नये. पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावं आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावं. एकदम दोन-तीन चमचे घेतले तर पोट फुगतं आणि माणूस चौथ्या दिवशी ते सोडून देतो. एका चमच्यावर आठवडाभर राहून मग वाढवावं. थायरॉइडसारख्या रोजच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोनेक तासांचं अंतर असावं. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, कारण सैल झालेली गादी एका दिवसात आटत नाही.

दुसरा उपाय कोमट पाण्यात बसण्याचा. बादलीतलं पाणी कोपर बुडवून पाहिलं तर सुखद वाटावं, चटका बसू नये. ते पसरट टबात किंवा घमेल्यात ओतून कंबरेखालचा भाग बुडेल असं दहा-पंधरा मिनिटं बसावं. शौचानंतर एकदा आणि दिवसात आणखी एक-दोन वेळा पुरे. गुडघे दुखत असतील तर कमोडवर बसणारा टब औषधाच्या दुकानात मिळतो. पाण्यात डेटॉल घालू नये, त्यानं कातडी भाजते. मीठही लागत नाही. मधुमेहात पायांना बधिरपणा असेल तर पाणी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं. वयस्करांनी उठताना आधार धरावा, चक्कर येऊ शकते. शेवटी न घासता टिपून कोरडं करावं. उबेनं गुदद्वाराचा घट्ट आवळलेला स्नायू सैल होतो आणि खाज, ठणका यांना आराम पडतो. रक्त मात्र या शेकानं थांबत नाही, ते काम चोथ्याचं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती. “बाई, पन्नाशीनंतर पहिल्यांदा रक्त आलंय, तर मोठ्या आतड्याची दुर्बीण करून घ्या.” मूळव्याध दिसलीच आहे, मग दुर्बीण कशाला, असं वाटून त्यांनी ते पुढे ढकललं.

सहा आठवड्यांत शौच मऊ झाली, कुंथणं थांबलं, कोंब बाहेर येईनासा झाला. रक्त मात्र सुरूच राहिलं, आणि आता त्याची रीत बदलली होती. थेंब पडत नव्हते, पण मलावर गडद रेघ आणि शेंबडासारखा चिकट स्राव दिसायचा. मूळव्याधीचं कारण दूर झाल्यावरही टिकणारं रक्त वरून येत असू शकतं. मलात मिसळलेलं गडद रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, जाऊन आल्यावरही पुन्हा जावंसं वाटणं, वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी होणं किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यांतलं काहीही असेल तर वय कमी असलं तरी तपास हवा. आपल्याकडे गुदाशयाचा कर्करोग तरुणांतही आढळतो. डांबरासारखी काळी शौच किंवा भळाभळा रक्त आणि घेरी असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

बाईंनी दुर्बीण करून घेतली. आदल्या दिवशी पेज आणि पातळ पदार्थ, मग जुलाबाचं औषध घातलेलं भरपूर पाणी. त्रास झाला तो या तयारीचाच. तपासणीच्या वेळी गुंगीचं औषध दिलेलं असल्यानं फारसं काही कळलं नाही. गुदाशयाच्या वरच्या भागात दीड सेंटिमीटरचा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेली गाठ, सापडला आणि तारेच्या फासानं तिथल्या तिथे काढला गेला. तपासाअंती तो अ‍ॅडिनोमा निघाला. कर्करोग नव्हता, पण असेच पॉलिप पुढे काही वर्षांत कर्करोगात बदलू शकतात. डॉक्टरांनी तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण करायला सांगितलं. मूळव्याध अजून आहेच, म्हणून भाकरी, इसबगोल आणि त्यावरचं पाणीही चालू ठेवायचं आहे.